अर्ध्या वहीतून पुरा ताळेबंद: महाड-पोलादपूरच्या दुकानदाराच्या हिशेबाचा आढावा

महाड किंवा पोलादपूरच्या पेठेतल्या किराणा दुकानाचा हिशेब साधारण दोन वह्यांत मावतो. रोजमेळात दिवसाची आवक-जावक असते आणि उधारीच्या वहीत गिऱ्हाइकागणिक एकेक पान. व्यापाऱ्यांची बिलं तारेला टोचलेली असतात आणि बँकेचं पासबुक गल्ल्यात. दुकान चालवायला एवढं पुरतं, कारण कोणाकडून किती येणं आहे, कोणाचं किती देणं आहे आणि हातात किती आहे हे यातून कळतं. कळत नाही ती एकच गोष्ट, वर्षभरात कमावलं किती. विक्रीचं खातं नाही, खर्चाची खाती नाहीत, भांडवलाचं पान तर कधी उघडलेलंच नाही. त्यामुळे तेरीज निघत नाही, आणि तेरीज नाही म्हणून नफा-तोटा खातं आणि ताळेबंद सरळ उतरवता येत नाहीत. अशा एकेरी नोंदीतून अंतिम लेखे काढायचे कसे, आणि काढलेच तर त्यांवर विश्वास किती ठेवायचा, या जुन्या प्रश्नाचा हा आढावा.

महाडात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठच्या या गावात 2005 च्या जुलैत आणि पुन्हा 22 जुलै 2021 रोजी बाजारपेठ पुराखाली गेली. पुराचं पाणी दुकानात शिरतं तेव्हा माल आणि वही एकदमच भिजतात. मग विमा कंपनी विचारते दुकानात माल किती होता, बँक विचारते धंदा तगेल का, आणि करसल्लागार विचारतो वर्षाचा तोटा किती दाखवायचा. तिघांनाही हवं असलेलं उत्तर एकाच जागी दडलेलं असतं, आणि ती जागा वहीत नसते.

पार्श्वभूमी

दुहेरी नोंदीची पद्धत छापील स्वरूपात प्रथम मांडली ती लुका पाचोली यांनी, 1494 साली व्हेनिसमध्ये. भारतीय बहीखात्यातही दुहेरी नोंद होती आणि ती त्याहून जुनी आहे, असा दावा 1986 मध्ये लाल निगम यांनी ‘अबॅकस’ या नियतकालिकात केला. पुढच्याच वर्षी क्रिस्टोफर नोब्स यांनी त्याच नियतकालिकात पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं. मोठ्या पेढ्यांपुरता तो वाद रंजक आहे. लहान दुकानदाराची कीर्द-खतावणी मात्र दोन्ही बाजूंच्या पुराव्यात बसत नाही: तिच्यात माणसांची खाती पुरी असतात, रोकड पुरी असते, बाकीचं काहीच नसतं. महाराष्ट्र मंडळाच्या वाणिज्य शाखेत याला एकेरी नोंद पद्धती म्हणून शिकवतात, तर एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात अपूर्ण नोंदींवरून लेखे असं म्हटलं आहे. दुसरं वर्णन मला जास्त प्रामाणिक वाटतं.

कायद्याने दुहेरी नोंद सक्तीची आहे ती कंपन्यांना, 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 128 नुसार. एकट्याच्या दुकानाला ती सक्ती नाही. 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 44एएने व्यापाऱ्याला विशिष्ट मर्यादेपलीकडे हिशेब ठेवायला सांगितलं, पण कोणत्या वह्या ठेवायच्या हे ठरवून दिलं नाही. अधिकाऱ्याला उत्पन्न काढता येईल इतपत हिशेब असला म्हणजे झालं. म्हणजे अपुऱ्या वहीला कायद्याने दार बंद केलेलं नाही. एक अडचण मात्र कायद्यानेच घातली. करासाठी 1 एप्रिल ते 31 मार्च हे एकच हिशेबी वर्ष 1989-90 च्या करनिर्धारण वर्षापासून सगळ्यांना लागू झालं, पण वहीपूजन दिवाळीला होतं आणि नवी वही पाडव्याला उघडते. जिथे ही रीत टिकून आहे तिथे मालाची मोजदाद दिवाळीच्या साफसफाईत होते आणि 31 मार्चचा साठा मागाहून अंदाजाने लिहिला जातो. या अंदाजाची किंमत काय, ते पुढे येईल.

पहिली भूमिका: दोन पत्रकं आणि एक वजाबाकी

स्थितिविवरण, म्हणजे लेखापालांच्या बोलीत स्टेटमेंट ऑफ अफेअर्स, हे ताळेबंदासारखंच दिसतं. एका तारखेला धंद्याची मालमत्ता किती आणि देणी किती हे मांडायचं आणि फरकाला भांडवल म्हणायचं. ताळेबंदातले आकडे खतावणीतून येतात. इथले आकडे मोजून, विचारून आणि अंदाजाने येतात, फरक एवढाच. वर्षाच्या सुरुवातीचं एक आणि अखेरचं एक अशी दोन पत्रकं केली की अखेरच्या भांडवलात मालकाची उचल मिळवायची, वर्षात नव्याने घातलेलं भांडवल आणि सुरुवातीचं भांडवल वजा करायचं. उरतो तो नफा किंवा तोटा.

महाडच्या एका कल्पित किराणा दुकानावर हे करून पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण वर्ष खरं घेतो: 2021-22, टाळेबंदीच्या निर्बंधांनी सुरू झालेलं आणि जुलैत पूर पाहिलेलं. 1 एप्रिल 2021 ला हातातली रोकड आणि बँकेतली शिल्लक मिळून 1,60,000 रुपये, माल 4,60,000, गावाकडची उधारी 2,35,000, फर्निचर-फ्रीझर-काटा 1,50,000. एकूण 10,05,000. व्यापाऱ्यांचं देणं 2,85,000 आणि बँकेचं कर्ज 1,20,000. भांडवल राहिलं 6,00,000. 31 मार्च 2022 ला रोकड व बँक 1,18,000, माल 3,90,000, उधारी 2,10,000, फर्निचर वगैरे 1,20,000, एकूण 8,38,000. देणी 3,10,000 आणि कर्ज 1,80,000. भांडवल 3,48,000. घरखर्चाला दरमहा 15,000 प्रमाणे 1,80,000 उचलले, दुकानातला 24,000 चा माल घरी गेला, आणि पुरानंतर घरातले दागिने मोडून 1,50,000 धंद्यात घातले. तेव्हा 3,48,000 अधिक 2,04,000, वजा 1,50,000, वजा 6,00,000: वर्षाचा तोटा 1,98,000.

या पद्धतीचे समर्थक म्हणतात, लहान धंद्याला एवढं पुरे. तिची ताकदही खरी आहे, कारण वर्षाच्या मधल्या हजार व्यवहारांची नोंद हरवली तरी दोन टोकं सापडली की उत्तर निघतं. करविभागही जगभर हेच हत्यार वापरतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या हॉलंड खटल्यात ही भांडवलवाढीची पद्धत मान्य केली, पण सुरुवातीची मालमत्ता वाजवी खात्रीने सिद्ध झाली पाहिजे अशी अटही घातली. अट नेमक्या जागी बोट ठेवते. महाड-पोलादपूरकडे सुरुवातीच्या पत्रकातून सुटण्याजोग्या गोष्टी ठरलेल्या आहेत: पतसंस्थेतली पिग्मी, अजून न लागलेली भिशी, मेहुण्याकडून बिनलिखापढी घेतलेले पैसे. समजा 40,000 ची पिग्मी सुरुवातीला लिहायची राहिली आणि मुदत संपून ती रक्कम वर्षात बँकेत आली. पत्रक गुपचूप 40,000 नफा जास्त दाखवेल. तीच पिग्मी तेवढ्याच रकमेने दोन्ही टोकांना राहून गेली असती तर काहीच बिघडलं नसतं. दोन टोकांना सारखी झालेली चूक आपोआप विरते, एकाच टोकाला झालेली चूक थेट नफ्यात उतरते. साठा एकदा खरेदीभावाने आणि एकदा विक्रीभावाने मोजणं हा याचाच सगळ्यात नेहमीचा प्रकार.

दुसरी भूमिका: पुरं रूपांतर

वजाबाकीने तोटा 1,98,000 दिला, पण त्यातला पुराचा किती आणि धंद्याचा किती हे सांगितलं नाही. दुकान चालू ठेवायचं की नाही हे ठरवायला नेमकं तेच हवं. म्हणून दुसरी भूमिका अशी की स्थितिविवरण हा शेवट नसून आरंभ मानावा. सुरुवातीचं पत्रक घ्यायचं आणि प्रत्येक खातं असं मांडायचं की त्यात एकच आकडा अज्ञात राहील.

उधारीचं खातं आधी. सुरुवातीला 2,35,000 येणं होतं, अखेरीला 2,10,000 राहिलं, रोजमेळात वसुली 8,60,000 दिसते आणि 15,000 बुडीत धरले. तर वर्षात उधार विक्री 8,50,000 झाली असली पाहिजे. व्यापाऱ्यांचं खातं तसंच: 21,50,000 चुकते केले, देणं 2,85,000 वरून 3,10,000 झालं, म्हणून उधार खरेदी 21,75,000. रोख खरेदी 1,25,000 मिळवली की एकूण खरेदी 23,00,000. आता रोकड आणि बँक एकत्र. बाहेर गेलेले: व्यापाऱ्यांना 21,50,000, रोख खरेदी 1,25,000, भाडं-पगार-वीज-हमाली-व्याज 2,40,000, घरखर्च 1,80,000, पुरानंतरचा नवा फ्रीझर 70,000, आणि अखेरची शिल्लक 1,18,000. मिळून 28,83,000. आत आलेल्यांपैकी माहीत असलेले: सुरुवातीची शिल्लक 1,60,000, वसुली 8,60,000, दागिन्यांचे 1,50,000, वाढीव कर्ज 60,000, पूरमदत समजा 50,000. मिळून 12,80,000. उरलेले 16,03,000 कुठून आले? रोख विक्रीतून. म्हणजे एकूण विक्री 24,53,000.

एकेका खात्यात एकच अज्ञात, हा नियम इथे जीव की प्राण आहे. रोजमेळात रोख विक्रीही नीट नसेल आणि घरखर्चाची उचलही नसेल, तर रोकडीच्या खात्यात दोन अज्ञात होतात आणि कितीही हुशार लेखापाल असला तरी ते सुटत नाही. गल्ल्यातून सुट्टे काढून भाजी आणणारा दुकानदार नकळत हेच करत असतो.

आता व्यापारी खातं. सुरुवातीचा माल 4,60,000 आणि खरेदी 23,00,000, त्यातून घरी गेलेला 24,000 चा आणि अखेरचा 3,90,000 चा माल वजा केला की 23,46,000 चा माल दुकानातून गेला. त्यातला काही विकला गेला आणि काही पुरात गेला. पुरातला माल 1,90,000 धरला तर विकलेल्या मालाची किंमत 21,56,000, ढोबळ नफा 2,97,000, विक्रीच्या सुमारे 12 टक्के. त्यातून खर्च 2,40,000, बुडीत 15,000 आणि घसारा 20,000 गेले की धंद्याचा निव्वळ नफा 22,000. पुढे पुरात गेलेला माल 1,90,000 आणि फर्निचर 80,000 वजा, मदत 50,000 अधिक: तोटा पुन्हा 1,98,000. धंदा पुराच्या वर्षातही स्वतःच्या पायावर कसाबसा उभा होता, ही गोष्ट वजाबाकीच्या पद्धतीला दिसलीच नसती.

ताळा जुळला, म्हणजे काय सिद्ध झालं?

दोन्ही पद्धतींचं उत्तर एकच आलं की रूपांतर बरोबर झालं, असं वर्गात शिकवतात आणि पुष्कळ कार्यालयांत मानतातही. माझ्या मते आढाव्यातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे, की हा ताळा जुळणं अटळ आहे. अज्ञात आकडे आपणच दोन पत्रकांच्या फरकातून काढले, तेव्हा त्यांच्यापासून बनवलेलं नफा-तोटा खातं त्याच फरकावर येऊन थांबणार. जुळलं नाही तर बेरीज चुकली एवढं कळतं, जुळलं तर नवं काहीच कळत नाही. वरच्या उदाहरणात पुरात गेलेला माल 1,90,000 ऐवजी 3,40,000 लिहून पाहा. निव्वळ तोटा तसूभरही हलत नाही. एका बाजूला पुराचं नुकसान दीड लाखाने वाढतं, दुसऱ्या बाजूला ढोबळ नफा तेवढ्यानेच वाढतो.

हलतं ते नफ्याचं प्रमाण. 3,40,000 धरले तर ढोबळ नफा 4,47,000, म्हणजे विक्रीच्या 18 टक्क्यांवर जातो. तांदूळ, साखर, तेल आणि डाळी यांवर हे दुकान एवढं कमावतं का, याचं उत्तर तारेला टोचलेल्या बिलांत असतं. वीस-पंचवीस मुख्य वस्तूंचा खरेदीभाव आणि विक्रीभाव शेजारी मांडून, ज्याची विक्री जास्त त्याला वजन जास्त देऊन सरासरी काढली, आणि ती बाराच्या आसपास आली, तर 3,40,000 चा दावा फुगवलेला आहे किंवा दुसरीकडे कुठेतरी आकडा चुकला आहे. उचलीचंही तसंच. घरखर्च खरं तर महिना 22,000 होता असं निघालं, तर रोख विक्री 84,000 ने वाढते, वर्षाचा तोटा तेवढाच घटतो आणि ढोबळ नफा 15 टक्क्यांवर जातो. मोठं कुटुंब आणि महिना 15,000 हे जुळत नसेल तर संशय आधी इथेच घ्यावा. म्हणून रूपांतरित लेख्यांची परीक्षा ताळ्याने करू नये, बाहेरून आणलेल्या नफ्याच्या प्रमाणाने करावी. आणि म्हणूनच दिवाळीच्या मोजदादीवरून 31 मार्चचा साठा त्याच प्रमाणाने मागाहून काढणं घातक ठरतं. प्रमाण साठा काढायला एकदा खर्ची पडलं की तपासायला उरत नाही.

तिसरी भूमिका: हे करायचंच कशाला?

कलम 44एडीने किरकोळ व्यापाऱ्याला विक्रीच्या 8 टक्के, आणि बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर 6 टक्के, उत्पन्न दाखवून वह्यांतून सुटण्याची वाट दिली. 2025 च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवलेली आहे. बहुतेक लहान दुकानदार आणि त्यांचे करसल्लागार याच वाटेने जातात, आणि साध्या वर्षी ते शहाणपणाचं आहे: वर्षभराच्या हिशेबाचा खर्च वाचतो आणि अधिकारी फारसे प्रश्न विचारत नाही. पण आपल्या दुकानाला हे लावून पाहिलं तर 24,53,000 वर 8 टक्क्यांनी 1,96,240 रुपये उत्पन्न होतं. प्रत्यक्षात तोटा 1,98,000. त्या वर्षीच्या अडीच लाखांच्या सवलतीमुळे कर लागला नसता हे खरं, पण तोटा पुढे ओढण्याचा हक्क गेला असता. धंद्याचा तोटा, विवरणपत्र वेळेत भरलं तर, आठ वर्षं पुढे नेता येतो, आणि पुढच्या चांगल्या वर्षी तो उपयोगी पडतो. (आयकरासाठी फर्निचरचं नुकसान आणि घसारा यांचे नियम वेगळे असल्याने करातला तोटा नेमका 1,98,000 नसेल.) शिवाय एकदा 44एडी घेऊन पुढच्या पाच वर्षांत मध्येच बाहेर पडलं, तर त्यानंतरची पाच वर्षं ती वाट बंद होते. म्हणून पुराच्या वर्षी निर्णय एका वर्षाचा राहत नाही.

या भूमिकेतली विसंगती तिच्याच अर्जात आहे. 44एडी वाल्यांचं आयटीआर-4 हे विवरणपत्र वह्या मागत नाही, पण वर्षअखेरचं येणं, देणं, साठा आणि रोकड हे चार आकडे मागतं. ते अर्धं स्थितिविवरणच आहे. पुष्कळदा ते चार आकडे अर्ज भरताना सुचतील तसे लिहिले जातात. पुढे कधी कर्जासाठी किंवा विम्यासाठी खरं पत्रक करायची वेळ आली, की स्वतःच्याच सहीचे ते आकडे आडवे येतात.

आक्षेप आणि अजून न सुटलेलं

मोठा आक्षेप असा की हे सगळं अंदाजाचं काम आहे, त्याला लेखे म्हणणं दिशाभूल आहे. आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. पण पत्रकातले सगळे आकडे सारखे कच्चे नसतात. बँकेची शिल्लक बँक सांगते, व्यापाऱ्यांचं देणं त्यांच्या खतावणीच्या उताऱ्यातून मिळतं, कर्ज पतसंस्था लिहून देते. कच्चे राहतात ते तीन: साठा, उधारी आणि उचल. ते तीन आकडे किती खालीवर झाले तर निकाल किती हलतो, हे लेख्यांसोबत लिहून दिलं तर अंदाजाची दिशाभूल उरत नाही. तसं लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे नाही, हा दोष पद्धतीचा कमी आणि आपला जास्त.

उधारीचा प्रश्न मात्र खरोखर सुटलेला नाही. गावाकडची उधारी गणपतीला आणि शिमग्याला, मुंबईचा चाकरमानी घरी आला की, फिटते. 2021 मध्ये होळी 28 मार्चला आली, म्हणजे शिमग्याची वसुली हिशेबी वर्षाच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. 2022 मध्ये ती 17 मार्चला आली आणि वसुलीला 31 मार्चपूर्वी दोन आठवडे मिळाले. येणं 25,000 ने घटलेलं दिसलं ते गिऱ्हाईक सुधारलं म्हणून की सण लवकर आला म्हणून, हे पत्रक सांगू शकत नाही. त्यात वही भिजून गेली असेल तर येण्याचा पुरावाच जातो. पुरावा कायद्यात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्या ग्राह्य आहेत, पण एकट्या वहीवरून कोणावर देणं बसवता येत नाही. 1872 च्या कायद्याच्या कलम 34 मध्ये हे होतं, 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. सुट्या कागदांना तर वहीचा दर्जाही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या व्ही. सी. शुक्ला प्रकरणात म्हटलं. पुरानंतर आठवणीने चिठ्ठ्यांवर पुन्हा लिहिलेली उधारी कुठे बसते, यावर करसल्लागारांत एकमत नाही. क्यूआर कोडने रोख विक्रीचा काही भाग बँकेच्या उताऱ्यात आणला आहे, ही मोठी मदत. पण त्याच खात्यात मुंबईच्या मुलाने घरखर्चाला पाठवलेले पैसेही येतात, आणि ते वेगळे काढले नाहीत तर तेही विक्रीच ठरतात.

पद्धतींचा वाद पुढेही चालेल. दुकानदाराच्या हातात मात्र तीन कामं आजच आहेत. 31 मार्चच्या रात्री माल खरेदीभावाने मोजावा आणि घरखर्चाला गल्ल्यातून उचललेली रक्कम रोजमेळात त्याच दिवशी वेगळ्या ओळीवर लिहावी. उधारीच्या वहीच्या पानांचे फोटो पावसाळ्यापूर्वी मुंबईतल्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवावेत.